कोण बोलले नव्हे, काय सांगितले

नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याशी शेवटच्या आठवड्यात एचआर विभाग जे बोलतो, त्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. अशा बऱ्याच मुलाखतींचे सार काढून ठरावीक काळाने व्यवस्थापनाला एक अहवाल दिला जातो. माणसे कोणत्या कारणांनी वारंवार जात आहेत, हे त्यातून कळायला हवे. मात्र कोण काय बोलले, हे कळता कामा नये. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशेब हातात पडेपर्यंत जाणारा माणूस जपूनच बोलतो. आधी गेलेल्या एखाद्याचे बोलणे साहेबांच्या कानावर गेल्याचे समजले, की पुढचे सगळे ‘चांगली संधी मिळाली’ एवढेच सांगतात आणि त्यानंतरच्या अहवालात काही उरत नाही.

नाव गाळले की ओळख लपते, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकी संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले, की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. कार्यालयात तर याहूनही कमी पुरते. ‘हिशेब विभाग, महिला, आठ वर्षे सेवा’ एवढे वाचले की तिथल्या कोणालाही नाव सुचते.

म्हणून अहवाल लिहिण्याआधीच किमान गटाची मर्यादा ठरवावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती पाच धरतात. पाचपेक्षा कमी मुलाखती असलेल्या गटाचा आकडा वेगळा द्यायचा नाही, हा नियम. तो पाळायला वाटतो तितका सोपा नाही, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ३०० कर्मचारी आहेत. त्यांपैकी १८० उत्पादनात आणि १२० इतर विभागांत. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत २६ जण सोडून गेले, त्यांपैकी २१ जणांच्या मुलाखती झाल्या : उत्पादनातील ११, गुणवत्ता विभागातील ६, विक्रीतील ३ आणि हिशेबातील १. हिशेबाचा आकडा झाकला आणि बाकीचे दिले, तर एकूण २१ मधून वजाबाकी करून तो लगेच निघतो. विक्री आणि हिशेब एकत्र केले तरी गट चारचाच राहतो. गुणवत्ता, विक्री आणि हिशेब मिळून ‘उत्पादनेतर १०’ असा गट केला, तरच मर्यादा पाळली जाते. तपशील थोडा कमी होतो, पण माणूस उघडा पडत नाही.

अशीच वजाबाकी दोन अहवालांमध्येही करता येते. दर महिन्याला ‘गेल्या बारा महिन्यांचे’ आकडे दिले आणि एखाद्या महिन्यात एकच माणूस सोडून गेला, तर या आणि मागच्या अहवालातील फरक म्हणजे जवळपास त्याचीच मुलाखत. म्हणून अहवाल सहा महिन्यांनी किंवा वर्षाने काढणे बरे. वीस-पंचवीस माणसांच्या कार्यालयात तर दोन वर्षांच्या मुलाखती एकत्र केल्याशिवाय असा अहवाल लिहिताच येत नाही.

यानंतर कारणांची वर्गवारी करायची. ‘का सोडता?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा पगार किंवा घरची अडचण असे असते. ‘सोडायचा विचार पहिल्यांदा कधी आला?’ असे विचारले की मूळ कारण पुढे येते. म्हणून प्रत्येक मुलाखतीतून सांगितलेले कारण आणि विचाराची सुरुवात जिथून झाली ते कारण, अशा दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवतात. या कारखान्यात २१ पैकी ९ जणांनी पगाराचे कारण दिले. पण आयत्या वेळी पाळी बदलण्याचा विषय ८ जणांच्या बोलण्यात आला आणि पगाराचे कारण देणारे काहीजणही त्यांत होते. या आठांपैकी ६ उत्पादनातील आणि २ इतर विभागांतील. इथे ‘८ पैकी ६’ असे छापले, तर उरलेले दोघे शोधायला वेळ लागणार नाही. ‘२१ पैकी ८, बहुतेक उत्पादनातील’ एवढे लिहिणे पुरेसे आहे.

माणसाचे मूळ वाक्य जसेच्या तसे देण्याचा मोह आवरावा लागतो. एका मुलाखतीतील नोंद अशी : ‘साहेब रविवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकतात, उद्यापासून सेकंड शिफ्ट. मुलीला शाळेतून आणायची सोय मी कधी लावू?’ वेळ, ग्रुप आणि मुलगी या तीन खुणांवरून बोलणारी व्यक्ती आणि तिचे साहेब दोघेही ओळखू येतात. अहवालात हेच असे येते : ‘पाळीतील बदल आदल्या रात्री कळतो, त्यामुळे घरच्या जबाबदाऱ्यांची सोय लावता येत नाही, असे अनेकांनी सांगितले.’ मुद्दा शाबूत राहतो, खुणा जातात. लिहून झाल्यावर त्या विभागाची माहिती असलेल्या, पण मुलाखती न घेतलेल्या एचआरमधल्याच एखाद्याला मसुदा वाचायला द्यावा. त्याला एखाद्या वाक्यामागचे नाव सुचले, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

आकड्यांचा अर्थ लावतानाही घोटाळा होतो. सोडून गेलेल्या २६ पैकी १४ जण उत्पादनातील, म्हणून गळती तिथेच जास्त, असे वाटते. पण १८० मधले १४ म्हणजे सुमारे ८ टक्के, तर १२० मधले १२ म्हणजे १० टक्के. गळतीचे प्रमाण इतर विभागांत जास्त आहे. शिवाय मुलाखत फक्त गेलेल्यांची झालेली असते. पाळीचा त्रास राहिलेल्यांनाही तितकाच असेल, तर माणसे जाण्यामागे आणखी काही असू शकते. ते पाहण्यासाठी राहिलेल्यांच्या सर्वेक्षणातही हाच प्रश्न विचारावा लागतो.

एकाच पर्यवेक्षकाविषयी तिघांनी तक्रार केली, तर काय करायचे? तीन हा आकडा मर्यादेच्या खाली आहे. अशा वेळी माणसाऐवजी वर्तनाची नोंद करतात : ‘चूक झाल्यास सर्वांसमोर झापले जाते.’ नोंद पुढच्या सहामाहीसाठी राखून ठेवतात आणि संख्या वाढली की सविस्तर मांडतात.

लैंगिक छळ, पैशांची अफरातफर किंवा जिवाला धोका असलेले यंत्र अशा गोष्टी मात्र संख्या वाढण्याची वाट पाहत ठेवायच्या नसतात. त्यांचा मार्ग या अहवालाबाहेरचा आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. नोकरी सोडणाऱ्या महिलेला हे त्याच बैठकीत सांगायला हवे. म्हणूनच मुलाखतीच्या सुरुवातीला ‘कोणालाही काही कळणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘तुमचे नाव अहवालात येणार नाही, गंभीर प्रकार असेल तर मात्र तो योग्य ठिकाणी कळवावा लागेल’ असे सांगणे खरे ठरते.

मुलाखतीच्या मूळ नोंदी एक-दोघांपलीकडे कोणाच्या हाती जाऊ नयेत आणि त्या किती काळ ठेवायच्या, हेही आधीच ठरलेले असावे. अहवाल वाचून एखादा अधिकारी ‘हे कोण म्हणाले?’ असे विचारतोच. नावे दिली जाणार नाहीत, यावर व्यवस्थापनाची लेखी संमती आधीच घेतलेली असली, की एचआरला तिथे अडून राहता येते.

तयार अहवाल दोन पानांचा पुरतो : किती गेले, कितीजण बोलले, कोणती कारणे पुन्हा पुन्हा आली, मागच्या सहामाहीच्या तुलनेत काय बदलले आणि काय करावे. या उदाहरणात शिफारस एकच असेल : पाळीचे वेळापत्रक किमान सात दिवस आधी लावावे. पुढच्या सहामाहीत पाळीचा विषय किती मुलाखतींत येतो, त्यावरून ती अमलात आली की नाही आणि आली असल्यास कितपत उपयोगी पडली, याचा अंदाज येईल.