खाते सुरू, पोहोच बंद

इन्स्टाग्रामवर खाते बंद न होताही त्याची पोहोच आटू शकते. पोस्ट अनुयायांना दिसत राहतात. मात्र एक्सप्लोअर, रील्स आणि सुचवण्यांमधून अनोळखी लोकांपर्यंत जाणे थांबते. समजा, घरगुती मसाले विकणाऱ्या खात्याच्या रील्सना अनुयायी नसलेल्यांकडून दहात सहा प्रेक्षक मिळत होते आणि तिथे आता जेमतेम एक उरला. एखाद्या रीलची घसरण नेहमीचीच. पण सलग आठ-दहा रील्सवर हेच दिसले, तर सेटिंग्जमधील Account Status उघडावे. व्यावसायिक खात्याला तिथे शिफारशी थांबल्या आहेत का आणि कोणत्या पोस्टमुळे, ते कळते. ती पोस्ट काढावी, किंवा निर्णय चुकीचा वाटल्यास तिथूनच फेरतपासणी मागावी. तिथे सारे ठीक असेल, तर प्रेक्षकांचा रस ओसरल्याची शक्यता अधिक, आणि हे स्वीकारणे अनेकांना जड जाते.

कमेंटवरचे बंधन वेगळे. एकच जाहिरात पन्नास पोस्टखाली चिकटवली, की Try again later असा संदेश येतो. तेव्हा पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत. अनुयायी वाढवून देणाऱ्या अ‍ॅपची परवानगी काढून पासवर्ड बदलावा आणि थांबावे. पैसे घेऊन ‘शॅडोबॅन’ उठवून देणाऱ्यांना पासवर्ड मुळीच देऊ नये.