शेअर लागले नाहीत, मग पैसे कुठे अडकले?

आयपीओला अर्ज केल्यावर पैसे कंपनीकडे जात नाहीत. ते आपल्याच खात्यात राहतात, त्यांवर व्याजही मिळते; फक्त बँक ती रक्कम रोखून धरते. म्हणून पासबुकात शिल्लक पूर्ण दिसते, पण वापरता येणारी शिल्लक कमी असते.

समजा, इश्यू बुधवारी बंद झाला आणि मध्ये सुट्टी नाही. गुरुवारी वाटप ठरते, शुक्रवारी शेअर न मिळालेल्यांचे पैसे मोकळे व्हायला हवेत, सोमवारी नोंदणी. म्हणजे गुरुवारी रात्री ‘शेअर मिळाले नाहीत’ असे कळले, तरी पैसे अडकलेलेच दिसतील. त्यात काही बिघडलेले नाही. वाटपानंतर रजिस्ट्रार यादी पाठवतो, ती मध्यस्थ बँकेमार्फत तुमच्या बँकेत पोहोचते, आणि रोख उठवते ती तुमची बँकच.

शुक्रवार उलटला, की यूपीआय ॲपमधले मँडेट पाहा. ते रद्द दिसत असूनही रक्कम अडकलेली असेल, तर गाडी बहुधा तुमच्या बँकेतच अडली आहे. अजून चालू दिसत असेल, तर रजिस्ट्रारलाही कळवा. ब्रोकरला फोन करून फारसे काही हाती लागत नाही, कारण पैसे त्याच्याकडे कधी नव्हतेच.

उशिराची भरपाई सेबीने ठरवली आहे: दिवसाला १०० रुपये किंवा वार्षिक १५ टक्के, जे जास्त असेल ते. १५,००० रुपयांवर १५ टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम सहा रुपये, तेव्हा लहान अर्जदाराला १०० रुपयेच लागू होतात. अर्ज क्रमांकासह बँकेकडे लेखी मागणी करा. दाद लागली नाही, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवा.