पत्रा कापण्याआधीची मांडणी

लेझर कटिंगच्या कारखान्यात मशीनची फ्रेम बनवणाऱ्याची ऑर्डर येते: काटकोनी त्रिकोणी गसेट, एक बाजू २०० मिमी, दुसरी १५० मिमी, पत्रा ३ मिमी जाडीचा माइल्ड स्टील. बाजारात मिळणारी शीट २५०० बाय १२५० मिमीची. तिचं वजन साधारण ७३.६ किलो. एका शीटमध्ये किती गसेट बसतील, या प्रश्नाचं उत्तर मशीनवर ठरत नाही. ते त्याआधी, प्रोग्रॅमरच्या पडद्यावर ठरतं. सपाट भाग शीटवर एकमेकांत बसवण्याच्या या कामाला नेस्टिंग म्हणतात, आणि पत्र्याचा खर्च वाचतो किंवा वाया जातो तो इथेच.

आधी साधा हिशेब करू. शीटच्या चारही कडांना १० मिमी सोडले आणि दोन भागांत ५ मिमी अंतर ठेवलं. प्रत्येक त्रिकोणाभोवती चौकट कल्पून २०० मिमीची बाजू शीटच्या लांबीच्या दिशेने ठेवली, तर १२ गुणिले ७, म्हणजे ८४ गसेट बसतात. तोच त्रिकोण ९० अंशांत फिरवला की १६ गुणिले ६, म्हणजे ९६. नुसत्या फिरवण्याने बारा जास्त मिळाले. तरीही शीटचा ४६ टक्केच भाग कामी आला आणि जवळजवळ ४० किलो पत्रा भंगारात गेला, कारण प्रत्येक चौकटीचा अर्धा भाग रिकामा आहे.

आता दुसरा त्रिकोण १८० अंशांत उलटा फिरवून पहिल्याच्या तिरक्या बाजूला लावू. या तिरक्या बाजूंमध्येही ५ मिमी अंतर हवं, म्हणून जोडी १५० ऐवजी १५६.२५ मिमी रुंद होते. अशा १५ जोड्या लांबीत आणि ६ ओळी रुंदीत बसतात. एकूण १८० गसेट. वापर ८६ टक्क्यांवर जातो आणि भंगार १० किलोवर येतं. मशीन तेच, पत्रा तोच.

त्रिकोणाची जोडी माणसाला दिसते. पण ब्रॅकेट, रिंगा, खाचा असलेल्या प्लेटा असे तीस वेगवेगळे भाग एका शीटवर बसवायचे असले की डोळा कमी पडतो. ‘डीपनेस्ट’ या मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅमकडे पाहिलं की संगणक हे काम कसं करतो ते समजतं. जॅक चियाओ यांनी आधी ब्राउझरमध्ये चालणारा ‘एसव्हीजीनेस्ट’ लिहिला आणि नंतर त्याच पायावर हा प्रोग्रॅम उभा केला.

त्याच्या मुळाशी भूमितीतली एक युक्ती आहे. एक भाग स्थिर ठेवायचा आणि दुसरा न फिरवता त्याला टेकवून भोवती सरकवत न्यायचा. सरकणाऱ्या भागावरचा एक ठरावीक बिंदू जी वाट काढतो, तिचा बहुभुज बनतो. तो बिंदू बहुभुजाच्या आत असेल तर भाग एकमेकांवर चढतात, कडेवर असेल तर फक्त टेकतात, बाहेर असेल तर मोकळे राहतात. भाग कुठे बसेल हा अवघड प्रश्न असा एका बिंदूवर येतो, आणि बसवायच्या जागा मुख्यतः या बहुभुजाच्या कोपऱ्यांवर शोधता येतात.

तरीही आधी कोणता भाग बसवायचा आणि किती अंशांत फिरवून, हे उरतंच. तीस भागांचे क्रम इतके होतात की सगळे तपासणं अशक्य. म्हणून प्रोग्रॅम काही क्रम घेतो, त्यांच्यापासून मांडण्या करतो, चांगल्या निघालेल्यांची सरमिसळ करतो, त्यांत थोडे बदल करतो आणि पुन्हा मोजतो. सुरुवातीला सुधारणा भराभर दिसते, मग मंदावते. सापडलेली मांडणी सर्वोत्तम आहे, याची खात्री मात्र तो देत नाही.

या प्रश्नाचं गणित जुनं आहे. लेनिनग्राडचे गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९च्या पुस्तिकेत उत्पादनाच्या नियोजनाबरोबर माल कापण्याचा प्रश्नही मांडला होता. १९५१मध्ये त्यांनी व्ही. ए. झाल्गालर यांच्यासोबत केवळ कापणीच्या आखणीवर पुस्तक लिहिलं. १९७५चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या या माणसाने पत्र्याच्या तुकड्यांचा हिशेब हाताने केलेला आहे.

पण टक्का वाढला म्हणजे मांडणी चांगली झाली, असं नाही. जोडीतली तिरकी बाजू दोघांची सामाईक ठेवली तर मध्ये फक्त लेझरच्या कापाइतकी, समजा ०.२ मिमी, जागा जाते. मग १६ जोड्या बसतात, अगदी एक मिमी शिल्लक ठेवून, आणि १९२ गसेट निघतात. कापण्याची लांबीही प्रत्येक जोडीमागे १२०० वरून ९५० मिमीवर येते. ‘डीपनेस्ट’मध्ये यासाठी `Merge common lines` हा पर्याय आहे. अडचण अशी की एका रेषेवर दोन भागांची कड अवलंबून राहते. पहिला भाग सुटून किंचित हलला की दुसऱ्याचं माप चुकतं. सुटा झालेला छोटा तुकडा जाळीच्या पट्ट्यांमध्ये तिरका उभा राहिला तर लेझरचं डोकं त्यावर आदळतं. म्हणून कडेला दोन-तीन ठिकाणी अर्ध्या मिमीची जागा न कापता सोडतात. ती नंतर हाताने तोडावी लागते. शीट मोजून घेतली नसेल आणि ती लांबीत दोन मिमी कमी निघाली, तर शेवटची रांग कडेला सोडलेल्या १० मिमीत घुसते.

फिरवण्यालाही बंधन आहे. पत्रा ज्या दिशेने रोल झाला त्या दिशेला समांतर वाकवला तर वाकावर भेगा पडण्याची शक्यता वाढते. ब्रश केलेल्या स्टेनलेसवर तर रेषा डोळ्यांनाच दिसतात. कापडाचा उभा-आडवा धागा पाहून शिंपी पाठ आणि बाही बेततो, तशीच ही दिशा आधी पाहावी लागते. गसेटची जोडी १८० अंशांची असल्याने दिशा जपते. ९० अंश मात्र दिशा जपायची असलेल्या भागासाठी बंद करावे लागतात. एका बाजूला फिल्म लावलेला पत्रा असेल, तर आरशातली प्रतिमाही चालत नाही.

फाइलमधले दोष मांडणीआधीच धरावेत. बाह्यरेषा कुठे उघडी राहिली असेल तर प्रोग्रॅमला भाग ओळखू येत नाही. एकावर एक दोन रेषा असतील तर लेझर तिथे दोनदा जातो आणि कड जळते. इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली तर भाग २५.४ पट मोठा किंवा लहान येतो. म्हणून आयात झाल्यावर माहीत असलेलं एक माप, इथे २०० मिमीची बाजू, पडद्यावर मोजायचं आणि भागांची संख्या ऑर्डरशी ताडायची.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो अर्धवट भरणाऱ्या शीटवर. गिऱ्हाइकाला १८० नव्हे, १०० गसेट हवे आहेत. ते शीटभर पसरले तर उरतात फक्त वेड्यावाकड्या जागा. एका कडेला, पाच मिमीच्या अंतराने जोड्यांच्या रांगा लावल्या तर प्रत्येक उभ्या रांगेत १२ बसतात आणि आठ रांगांत ९६ होतात. उरलेल्या चारांसाठी नववी रांग उघडावी लागते. ‘डीपनेस्ट’मधला `Gravity` हा पर्याय भाग असे एका दिशेने दाबतो. नववी रांग धरूनही मीटरभर लांब सरळ तुकडा उरतो, जो जाडी आणि ग्रेड लिहून रॅकवर ठेवता येतो आणि पुढच्या कामाला वापरता येतो.

म्हणून अनुभवी प्रोग्रॅमर भाव सांगण्याआधी नेस्टिंग करतो आणि गिऱ्हाइकाला फोन लावतो: “९६ चालतील का, की १०८ घेता?” शंभरच्या आकड्यामागे बहुतेक वेळा कारण नसतं, सवय असते. ९६ वर समाधान झालं तर एक रांग वाचते. १०८ घेतले तर उघडलेली रांग पूर्ण भरते. दोन्हींत पत्र्याचा हिशेब नीट बसतो, आणि तोही लेझर सुरू होण्याआधी.