पुलावरचे फूट आणि गल्लीतलं पाणी

पूरप्रवण शहराचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करायचा, असा प्रकल्प मिळाला की विद्यार्थ्यांचा गट सहसा फोन नंबरांपासून सुरुवात करतो. अग्निशमन, रुग्णालय, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. ही यादी हवीच. पण पाणी कोणत्या गल्लीत कधी येईल आणि तिथली माणसं त्याआधी कुठे जातील, हे तिच्यातून कळत नाही. सांगलीपुरतं पाहिलं, तर याच दोन प्रश्नांभोवती बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज धोका पातळीचा. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. इशारा 40 फुटांना, धोका 45 फुटांना. त्यामुळे पंचेचाळीसपर्यंत काळजी नाही, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता अशा सखल भागांत त्याच्या बरंच आधी पाणी शिरतं, आणि उंचावरच्या पेठांमध्ये पंचेचाळीसलाही रस्ता कोरडा असतो. हे आकडे पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे आहेत, दारातल्या पाण्याची खोली त्यांतून थेट कळत नाही.

दारातला आकडा गटाला स्वतः काढता येतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनजवळ पाणी सुमारे साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. त्या पुराच्या खुणा अनेक भिंतींवर आहेत. जिथे पुसल्या गेल्या, तिथे घरातली माणसं बोट ठेवून जागा दाखवतात. समजा, एका कोपऱ्यावर ती खूण रस्त्यापासून साडेसात फूट उंच आहे. साडेसत्तावन्नातून साडेसात वजा केले की पन्नास उरतात. म्हणजे आयर्विनला पन्नास फूट झाले की या कोपऱ्यावर रस्त्याला पाणी लागेल. पडताळणीसाठी 2021 चा पूर आहे. तेव्हा पातळी पंचावन्न फुटांच्या आसपास होती, म्हणून त्या वर्षीची खूण साधारण अडीच फूट खाली सापडायला हवी. फरक फार पडला तर कुणाच्या तरी आठवणीत गफलत असण्याची शक्यता असते. पुलापासून दूर गेल्यावर हे गणित सैल होतं, कारण नदीच्या पाण्यालाही उतार असतो. त्यामुळे खुणा जितक्या जास्त, तितका तक्ता भरवशाचा.

दुसरा गैरसमज आभाळाकडे पाहून होतो. सांगलीत ऊन पडलेलं असतानाही पाणी चढू शकतं, कारण ते येतं सह्याद्रीतून: कोयनेच्या विसर्गातून आणि धरणांखालच्या मोकळ्या पाणलोटातून. शिवाय शहराच्या खालच्या अंगाला हरिपूरजवळ वारणा मिळते. तिला पूर असला की कृष्णेचं पाणी तुंबतं, आणि कोयनेचा विसर्ग घटवल्यावरही सांगलीत लगेच उतार दिसत नाही. म्हणून गटाच्या नोंदवहीत शहराच्या पावसाशेजारी कोयना आणि वारणा या दोन्ही धरणांचे विसर्ग तासांसह हवेत. मागच्या पुरांच्या नोंदी अशा शेजारीशेजारी मांडल्या की वरचा विसर्ग वाढल्यानंतर किती तासांनी आयर्विनची पातळी हलते, हे दिसू लागतं.

तिसरा गैरसमज सर्वांत महाग पडणारा: होड्या असल्या की माणसं काढता येतात.

8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. अशी गर्दी का होते, हे साध्या हिशेबातून कळतं. समजा, वस्ती 1200 माणसांची, होडीत दहा जण आणि एका फेरीला चाळीस मिनिटं. बारा तासांच्या उजेडात अठरा फेऱ्या, म्हणजे 180 माणसं. एका होडीला जवळजवळ सात दिवस लागतील, आणि काठावर उभ्या माणसांना पुढची फेरी मिळेल याची खात्री नसते. रस्ता कोरडा असताना हीच माणसं पन्नास आसनांच्या एसटीच्या चोवीस फेऱ्यांत निघतात. म्हणून आराखड्यात स्थलांतराचा आकडा रस्त्यावर पाणी येण्याच्या पातळीपेक्षा दोन-तीन फूट अलीकडचा असावा. वरच्या कोपऱ्यासाठी तो सत्तेचाळीस धरता येईल. जनावरं असलेल्या घरांसाठी आणखी अलीकडचा, कारण गोठा भरलेला असताना घरातलं कुणीतरी मागे राहतंच.

आणि जायचं कुठे? बहुतेक आराखड्यांत शाळेचं नाव असतं, वर्गात पन्नास मुलं बसतात म्हणून पन्नास माणसं मावतील असं धरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांनुसार निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा आणि रोज पंधरा लिटर पाणी लागतं. पंचवीस बाय वीस फुटांचा वर्ग सुमारे 46 चौरस मीटरचा, म्हणजे त्यात तेरा माणसं. बाराशेंसाठी असे ब्याण्णवहून अधिक वर्ग आणि रोज अठरा हजार लिटर पाणी लागेल. एका शाळेत हे मावत नाही. त्यामुळे गटाला मंगल कार्यालयं आणि वसतिगृहंही मोजावी लागतात, आणि प्रत्येक इमारतीच्या जोत्याशी 2019 ची खूण आहे का, हे आधी पाहावं लागतं.