थायरॉइडची गोळी आणि सकाळचा पेला

नागपुरातील सकाळच्या शाळेत शिकविणाऱ्या एखाद्या शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. साडेपाचला उठून त्या रात्री भिजविलेल्या मेथीच्या पाण्याबरोबर ७५ मायक्रोग्रॅमची लिव्होथायरॉक्सिनची गोळी घेतात आणि दहा मिनिटांत दुधाची कॉफी पितात. एकही दिवस चुकत नाही. तरीही रक्तातील टीएसएच चढेच राहते, थकवा जात नाही. अशा वेळी गोळीची मात्रा वाढविण्यापूर्वी त्या पेल्याची चौकशी होणे अगत्याचे आहे.

हे औषध मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते. उपाशीपोटी घेतले तरी त्याचा सुमारे ६० ते ८० टक्के भागच रक्तात पोहोचतो. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजावयाची असल्याने थोडीशी घटही जाणवते. गोळीबरोबर घेतलेली कॉफी हे शोषण कमी करते, ही बाब इटलीतील संशोधकांनी २००८ साली दाखविली. तेथील कॉफी बिनदुधाची होती, म्हणून दूध वगळले की काम भागले असे समजू नये. दुधातील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते, तेव्हा आपल्या दुधाळ कॉफीत दोन अडथळे एकत्र येतात. मेथीचा नियम मात्र थेट प्रयोगावरून नव्हे, तर तिच्या गुणधर्मावरून काढावा लागतो. भिजल्यावर तिच्यातून जो बुळबुळीत तंतुमय पदार्थ सुटतो, तो आतड्यात औषधाच्या वाटेत येऊ शकतो. म्हणून मेथीचे पाणी अन्नच समजावे.

गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर कॉफी, दूध, मेथी वा न्याहारी यांसाठी किमान एक तास थांबावे. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांसाठी हे अंतर चार तासांचे असते. सकाळी तास मिळत नसेल, तर डॉक्टरांच्या संमतीने रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेता येते. मात्र मग झोपतानाचा हळद-दुधाचा पेला सोडावा लागतो. आपल्या उदाहरणातील बाईंनी साडेपाचला गोळी घेऊन साडेसहाला कॉफी घेतली, तर सव्वासातची शाळाही गाठता येईल.

या बदलाचा परिणाम आठवडाभरात तपासू नये. औषधाची रक्तातील पातळी निम्मी होण्यास सुमारे सात दिवस लागतात आणि टीएसएच त्याहून सावकाश बदलते. सबब तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी. मात्रा आधीच १०० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढविली गेली असेल, तर वेळ बदलताना डॉक्टरांना सांगणे आवश्यक होय. अन्यथा तीच गोळी अधिक शोषली जाऊन छातीत धडधड, हाताला कंप, झोप न येणे अशी लक्षणे दिसू लागतात.