लोणच्याचा मेसेज टाकताय? आधी वजन आणि भाव लिहा

पौड, पिरंगुटच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कैरीच्या दिवसांत ‘घरगुती लोणचे मिळेल, संपर्क करा’ असा मेसेज हमखास येतो. मग खाली ‘भाव काय?’, ‘किती वजन?’ सुरू होतं आणि ऑर्डर राहूनच जाते.

आधी हिशेब. 5 किलो कैरीच्या, बाठा काढून, साडेतीन किलो फोडी धरू. मीठ, मसाला, तेल मिळून साधारण 5 किलो लोणचं, म्हणजे पाव किलोच्या 20 बरण्या. सामानाचे 700, बरण्यांचे 240 आणि मेहनतीचे 500 रुपये धरले, तर बरणी 72 रुपयांना पडते. मेहनत बहुतेक जणी धरतच नाहीत! 90 ला विकली तर 18 रुपये सुटतात.

मेसेज असा टाका :

‘कैरीचे लोणचे, तिखट. शेंगदाणा तेल, मोहरी, मेथी, हिंग. निव्वळ वजन 250 ग्रॅम ₹90, 500 ग्रॅम ₹175. 2 जूनला भरले. पौडला घरून न्यावे, पिरंगुटला पोच ₹20. शुक्रवारपर्यंत मला खासगीत कळवा.’

पाव लिटरची बरणी म्हणजे पाव किलो लोणचं नव्हे. रिकामी बरणी काट्यावर ठेवून शून्य करा, मग भरा. ग्रुपवर भाव सगळ्यांना एकच. मावशीला सूट द्यायची तर ती खासगीत.

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरून विकणाऱ्यांनाही नोंदणी लागते. तिचा 14 अंकी क्रमांक मेसेजमध्ये टाका. आणि तयार मसाला वापरला असेल, तर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ लिहिण्याआधी त्याचं पाकीट वाचा.