दोन टक्क्यांची महागडी उधारी

समजा, सोलापूरच्या एका कापड दुकानदाराला इचलकरंजीच्या कारखानदाराकडून एक लाख रुपयांचं बिल आलं. त्याखाली शर्त आहे: दहा दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. दुकानदार म्हणतो, ‘दोन टक्क्यांसाठी कशाला घाई? पैसे वीस दिवस वापरू.’

पण ते वीस दिवस फुकट नाहीत. दहाव्या दिवशी ९८,००० रुपयांत बिल मिटतं. ते पैसे वीस दिवस हातात ठेवण्यासाठी तो २,००० रुपये मोजतो. ९८,००० वर हे झाले २.०४ टक्के. वर्षात असे वीस दिवस सव्वाअठरा वेळा येतात, म्हणजे सरळव्याजानं दर पडला वर्षाला सुमारे ३७ टक्के.

आता बँकेशी तुलना करू. त्याच्या कॅश क्रेडिट खात्यावर ११ टक्के व्याज असेल, तर ९८,००० रुपयांवर वीस दिवसांचं व्याज होतं ५९१ रुपये. बँकेचे पैसे उचलून सीडी घेतली तरी १,४०९ रुपये वाचतात. खात्याची मर्यादा संपली असेल आणि खासगी सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी पैसे आणावे लागत असतील, तर मात्र व्याजातच १,९६० रुपये जातात. मग उरतात जेमतेम चाळीस.

या हिशेबात सगळी मदार दिवसांवर असते. पैसे दुसऱ्या दिवशी देण्यात काही मिळत नाही, दहावा दिवस पुरेसा आहे. सगळ्यात वाईट पंधरावा दिवस: सीडी गेली आणि उधारी मिळाली फक्त पाच दिवसांची. तिचा दर वर्षाला १४९ टक्क्यांच्या घरात जातो. एकदा दहा दिवस उलटले, की तिसाव्या दिवसापर्यंत थांबलेलंच बरं.

उलट, काही बाजारांत तीस दिवसांचं बिल नव्वदाव्या दिवशीही व्याजाशिवाय घेतलं जातं. तिथे सीडी सोडून ऐंशी दिवस मिळतात आणि दर ९.३ टक्क्यांवर येतो. तो बँकेच्या ११ टक्क्यांहून कमी आहे, त्यामुळे कागदावर तरी सीडी सोडणं फायद्याचं ठरतं.

मात्र विक्रेता उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागू होतं. अशा विक्रेत्याचं बिल हिशेबात धरताना नव्वद दिवसांचा आकडा वापरता येत नाही.